एका टनाला किती युनिट?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही फाउंड्रीत महिनाअखेरीला एक भागाकार हमखास होतो. वीजबिलातली युनिटं भागिले त्या महिन्यात पाठवलेली कास्टिंग. येणाऱ्या आकड्यावरून कोणाची पाठ थोपटायची आणि कोणाला जाब विचारायचा हे ठरतं. माझ्या मते या भागाकारामुळे चांगल्या माणसांवर अन्याय होतो आणि खरी गळती झाकली जाते.

समजा, इंडक्शन भट्टीवर चालणारी एक मध्यम फाउंड्री आहे. हिशोब कळावा म्हणून आकडे गोल घेऊ. वर्षभरात तिचं मासिक उत्पादन 200 ते 420 टनांच्या दरम्यान राहिलं. 390 टनांच्या महिन्यात 4,32,000 युनिटं लागली, म्हणजे टनाला 1,108. हा वर्षातला सर्वांत कमी आकडा. मालकांनी तो थोडा खाली ओढून फर्मान काढलं की, यापुढे टनाला 1,100. पुढे मंदी आली, ऑर्डरी आटल्या, 200 टनच माल निघाला आणि वीज लागली 2,82,000 युनिटं. टनाला 1,410! मेल्टिंग विभागाच्या प्रमुखाला बोलावणं आलं.

त्याची चूक काय होती? कंपनीचा विजेचा खर्च रिक्षाच्या भाड्यासारखा असतो. बसल्याबरोबर ठरावीक रक्कम लागते आणि पुढे अंतराप्रमाणे वाढते. कॉम्प्रेसर, भट्टी थंड ठेवणारे पाण्याचे पंप, ट्रान्सफॉर्मरमधला लोहनाश, दिवे, वाळू प्लांटचे पट्टे यांना त्या दिवशी किती टन माल निघाला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. हा स्थिर भार थोड्या टनांवर वाटला की दर टनाचा आकडा फुगतो आणि भरपूर टनांवर वाटला की आपोआप बारीक दिसतो. त्यात कोणाचं कर्तृत्व नसतं.

हे दोन भाग वेगळे करायला रिग्रेशन रेषा लागते. आलेख कागदावर आडव्या अक्षावर टन, उभ्यावर युनिटं घेऊन बारा महिन्यांचे बारा ठिपके मांडायचे. त्यांच्यामधून एक सरळ रेषा अशी काढायची की प्रत्येक ठिपक्याचं रेषेपासूनचं उभं अंतर मोजून त्याचा वर्ग केला, तर त्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. संगणकावर हे तीन ओळींचं काम आहे. टन B रकान्यात आणि युनिटं C रकान्यात असतील, तर:

```
=INTERCEPT(C2:C13,B2:B13)
=SLOPE(C2:C13,B2:B13)
=STEYX(C2:C13,B2:B13)
```

आपल्या फाउंड्रीची उत्तरं अनुक्रमे 90,000, 900 आणि सुमारे 13,000 अशी येतात. म्हणजे महिन्याला 90,000 युनिटं स्थिर आणि त्यावर दर टनाला 900. तिसरा आकडा ठिपके रेषेभोवती साधारण किती विखुरतात ते सांगतो. तेवढा चढउतार नेहमीचाच समजायचा.

आता 200 टनांचा महिना पुन्हा पाहा. रेषेप्रमाणे 2,70,000 युनिटं अपेक्षित होती, लागली 2,82,000. फरक 12,000, म्हणजे नेहमीच्या चढउतारात बसणारा. दुसरीकडे 420 टनांच्या महिन्यात टनाला 1,143 युनिटं लागली म्हणून सगळे खूश होते, पण तो महिनाही रेषेच्या 12,000 वरच होता. सर्वांत लक्षवेधी महिना 280 टनांचा. टनाला 1,157, म्हणून त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. अपेक्षा 3,42,000 युनिटांची होती आणि लागली 3,24,000. तब्बल 18,000 युनिटं कमी! त्या महिन्यात काय वेगळं केलं, हे मेल्टिंगच्या लोकांना विचारायला हवं होतं. भट्टीचं झाकण वेळेवर बंद होत होतं का? मोल्ड तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू भट्टीत ताटकळत नव्हता का?

मालकांचं 1,100 चं लक्ष्य या रेषेवर ठेवलं की त्याचा फोलपणा उघडा पडतो. 200 टनांना 2,20,000 युनिटं मिळणार. त्यातून स्थिर 90,000 वजा केली की टनाला 650 उरतात. पण एक टन चांगली कास्टिंग मिळवायची तर रनर, रायझर आणि रिजेक्शन धरून सुमारे 1.45 टन धातू वितळवावा लागतो. टनाला 580 युनिटं धरली, तरी 840 च्या आसपास वीज नुसत्या वितळणीलाच लागते. जे होणारच नाही ते लक्ष्य दिलं की माणसं वीज वाचवायचं सोडून टनांची नोंद कोणत्या महिन्यात घालायची याचा विचार करू लागतात.

मग खरं लक्ष्य कसं ठरवायचं? रेषेच्या दोन्ही आकड्यांना वेगवेगळा हात घालून. स्थिर भागासाठी साप्ताहिक सुट्टीच्या रात्री मीटर रूममध्ये जाऊन उभं राहावं. माल निघत नसताना मीटर 80 किलोवॉट दाखवत असेल, तर एकेक फीडर पाहत जावं. हवेच्या पाइपांतली गळती भरून काढायला कॉम्प्रेसर अधूनमधून भार घेतो, तो आवाज सुट्टीच्या शांततेतच स्पष्ट ऐकू येतो. ही गळती बुजवून 15 किलोवॉट सुटले, तर महिन्याला 10,800 युनिटं वाचतात. दर टनाच्या भागासाठी रिजेक्शनकडे पाहावं. ते 6 टक्क्यांवरून 4 वर आलं, तर 900 चे साधारण 882 होतात. नवी लक्ष्यरेषा झाली 79,000 अधिक दर टनाला 882. तिच्याप्रमाणे 200 टनांना 2,55,400 युनिटं आणि 400 टनांना 4,31,800. लक्ष्यामागचं प्रत्येक युनिट एका ठरलेल्या कामाचं आहे. सरसकट दहा टक्के कपातीचा हुकूम काढण्यापेक्षा मला हे कितीतरी प्रामाणिक वाटतं.

रेषा बिघडते ती बहुधा नोंदींमुळे. मीटरचं वाचन महिन्याच्या मध्यावर आणि उत्पादनाची नोंद महिनाअखेरीची असेल, तर ठिपके उगाच विखुरतात. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर होते. त्यात पॉवर फॅक्टर मिसळलेला असल्याने रेषेसाठी केडब्ल्यूएचचाच आकडा घ्यावा. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांची वापरलेली वीज मिळवावी, नाहीतर उन्हाळ्यात कारखाना विनाकारण काटकसरी दिसतो. आणि 200 ते 420 टनांवर काढलेल्या रेषेवरून 600 टनांचं भाकीत करू नये. 90,000 हा आकडाही रेषा शून्यापर्यंत मागे ओढून आलेला आहे, म्हणून मीटरवर तो पडताळून घ्यायचा.

रेषेची खरी ताकद कळते ती दर महिन्याचा फरक जमा करत गेल्यावर. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ऊर्जा लेखापरीक्षकांच्या अभ्यासक्रमात ही कुसुम पद्धत शिकवतो. चार महिने ओळीने 9,000 युनिटं जादा लागली, तर सुटा कोणताही महिना संशयास्पद वाटत नाही, कारण तेरा हजारांचा चढउतार नेहमीचाच. पण बेरीज 36,000 वर जाते आणि आलेख सरळ वर चढू लागतो. तो जिथे वळला त्या महिन्याचं लॉगबुक उघडावं. भट्टीचं अस्तर त्या सुमारास बदललं असेल किंवा एखादा पंप रिवाइंड होऊन परत आला असेल. नवी भट्टी बसवली किंवा ग्रे आयर्नऐवजी एसजी आयर्नचा माल वाढला, तर मात्र जुनी रेषा बाजूला ठेवून नव्या महिन्यांवर नवी काढायची.