सिंकिंग फंड ताळेबंदात आहे, बँकेत आहे का?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत खर्चावर तासभर वाद रंगतो. वॉचमनचा पगार का वाढला, पाण्याच्या टाकीला एवढे पैसे कसे लागले, यावर जो तो बोलतो. ताळेबंद मात्र ‘मंजूर, मंजूर’ म्हणत दोन मिनिटांत पार पडतो. सोसायटीच्या पैशाची खरी अवस्था कळते ती या ताळेबंदातूनच, आणि तीही सिंकिंग फंड आणि सभासदांकडून येणे बाकी या दोन ओळी एकत्र वाचल्या तर.

आधी दरमहाच्या बिलाकडे पाहू. मेंटेनन्स म्हणून आपण एकच रक्कम भरतो, पण तिच्यातल्या प्रत्येक घटकाची वाटणी वेगळ्या नियमाने होते. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, कार्यालयाचा खर्च, सगळ्या फ्लॅटना समान असते. घर लहान असो की मोठे. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखाच, मग तळमजल्यावरचे लिफ्ट वापरत नसले तरी. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार यांवर ठरते. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर आकारले जातात, जमिनीची किंमत वगळून. दुरुस्ती निधीसाठी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का.

समजा, एका सोसायटीत वीस फ्लॅट आहेत. दहा ४०० चौरस फुटांचे, दहा ६४० चौरस फुटांचे आणि बांधकाम खर्च चौरस फुटाला दीड हजार रुपये. लहान फ्लॅटचा बांधकाम खर्च झाला सहा लाख. त्याचा पाव टक्का वर्षाला १,५००, म्हणजे महिन्याला १२५ रुपये. मोठ्या फ्लॅटला वर्षाला २,४००, महिन्याला २००. बाकीचे घटक मिळवून लहान फ्लॅटचे बिल २,१०० आणि मोठ्याचे २,४५० रुपये होते, असे धरू. सिंकिंग फंडापोटी सोसायटी वर्षाला ३९,००० रुपयांची आकारणी करते. दहा वर्षांत ३,९०,००० रुपये.

हा फंड म्हणजे सोसायटीचे उत्पन्न नव्हे. इमारतीची पुनर्बांधणी, तिला बळकटी देणारी कामे आणि आर्किटेक्टने दाखला दिलेली मोठी दुरुस्ती यांसाठीच, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने, तो वापरायचा असतो. म्हणून तो उत्पन्न-खर्च पत्रकात न येता थेट ताळेबंदात, देणी बाजूला दिसायला हवा. आणि तो वेगळा गुंतवायला हवा, म्हणजे मालमत्ता बाजूला तेवढ्याच रकमेच्या मुदत ठेवी दिसतील. आपल्या सोसायटीच्या ताळेबंदात देणी बाजूला ‘सिंकिंग फंड ३,९०,०००’ अशी ओळ आहे. व्याज आपण सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पण मालमत्ता बाजूला ‘सिंकिंग फंड मुदत ठेव’ आहे १,८०,००० रुपयांची. मग २,१०,००० गेले कुठे?

कोणी खाल्ले, अशी शंका लगेच येते. बहुतेक वेळा उत्तर तीन-चार ओळी खाली सापडते: ‘सभासदांकडून येणे बाकी १,९७,४००’. एका मोठ्या फ्लॅटने पाच वर्षे मेंटेनन्स भरलेला नाही, त्याचे १,४७,०००. दोन लहान फ्लॅटची वर्षभराची बाकी, प्रत्येकी २५,२००. हिशेब बिलावर चालतो, पावतीवर नाही. बिल निघाले की त्यातला सिंकिंग फंडाचा वाटा पैसे आले नसले तरी फंडात जमा दिसतो. वॉचमनला पगार मात्र रोखच द्यावा लागतो. वसुली कमी पडली की बँकेत असेल त्यातून पगार आणि वीजबिल भागते, आणि ठेवीत टाकायचे पैसे उरत नाहीत. म्हणजे फंडाची निम्म्याहून जास्त रक्कम मुदत ठेवीत नाही, थकबाकीदारांच्या खिशात आहे. शिल्लक फरक १२,६०० रुपयांचा. त्याचे स्पष्टीकरण खजिनदारांकडे मागावे.

ही बाकी ताळेबंदात कशी दाखवली आहे, हेही नीट पाहावे लागते. काही सभासद वर्षभराचा मेंटेनन्स आगाऊ भरतात. असे ४०,००० रुपये जमा असतील, तर ते देणी बाजूला ‘सभासदांकडून आगाऊ जमा’ म्हणून यायला हवेत. ते थकबाकीतून वजा करून ‘येणे बाकी १,५७,४००’ असा आकडा छापला, तर थकबाकी आहे त्याहून लहान दिसते. सोबत फ्लॅट क्रमांकानुसार यादी जोडलेली नसेल, तर ही वजाबाकी कोणाच्या लक्षातही येत नाही. यादीत प्रत्येकाची मुद्दल आणि व्याज वेगळे हवे. बाकी किती जुनी आहे हेही कळले, तर पाच वर्षांची थकबाकी आणि गेल्या तिमाहीचे उशिरा आलेले बिल यांत फरक करता येतो.

व्याजाचा घोळ इथेच होतो. थकीत रकमेवर व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते; तो वर्षाला २१ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही आणि व्याज सरळ असते. मोठ्या फ्लॅटची २९,४०० रुपयांची बाकी वर्षभर राहिली, तर २१ टक्क्यांनी व्याज ६,१७४ रुपये होते. पुढच्या वर्षी त्याच मुद्दलावर पुन्हा ६,१७४ लागायला हवेत. पण बिलावर ‘मागील बाकी ३५,५७४’ असा एकच आकडा आणि संगणकाने त्यावर व्याज लावले, तर ते ७,४७० वर जाते. म्हणजे व्याजावर व्याज लागते. आपल्या बिलावर मागील मुद्दल आणि मागील व्याज असे दोन रकाने आहेत का, एवढे पाहिले तरी ही चूक पकडता येते. शिवाय न आलेले व्याज उत्पन्नात धरले की कागदावर वाढावा फुगतो. सावध हिशेबनीस तेवढ्या रकमेची थकीत व्याज तरतूद करून ठेवतो.

या बारकाव्यांचा उपयोग वसुलीच्या वेळी होतो. नोटिसा देऊनही सभासद पैसे भरत नसेल, तर सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली चाले. तिथे सोसायटीचा मुख्य पुरावा म्हणजे थकबाकीदाराचा खातेउतारा. त्यात चक्रवाढ व्याज असेल, किंवा सेवाशुल्क समान न लावता चौरस फुटांवर लावले असेल, तर थकबाकीदाराला हरकत घ्यायला आयतेच निमित्त मिळते.

उपाय साधा आहे. सिंकिंग फंडासाठी वेगळे बँक खाते उघडावे, आणि दर तिमाहीला आलेल्या पावत्यांतला फंडाचा वाटा इतर खर्चाआधी तिकडे वळवावा, असा ठराव सभेत करावा. याने थकबाकी संपणार नाही, पण रोजच्या खर्चाला पैसे कमी पडतील तेव्हा ते त्याच वर्षी सगळ्यांना दिसेल. नाहीतर ते दिसते स्लॅबचे गज उघडे पडल्यावर. तेव्हा हाताशी १,८०,०००च असतात, आणि २,१०,००० रुपयांची तूट नियमित भरणाऱ्या सतरा घरांवर पडली तर घरटी साधारण १२,३५० रुपये येतात. हे पैसे त्यांनी दहा वर्षे एकदा भरलेलेच असतात.