वजिरांचे दप्तर

गणिताचे अध्यापन करणाऱ्या एका वाचकांनी पत्र लिहून विचारले आहे की, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात न येता बसवण्याच्या एकूण ९२ रीती आहेत असे संगणक क्षणार्धात सांगतो, तेव्हा प्रत्येक नवा वजीर ठेवताना तो आधी ठेवलेल्या प्रत्येक वजिराशी ताडून पाहतो काय? तसे ताडून पाहता येते, पण त्याची मुळीच गरज नाही. ती का नाही याचे कारण संगणकाच्या जन्माच्या शंभर वर्षे आधी एका जर्मन गणितज्ञाने पत्रात लिहून ठेवले होते, आणि त्याच्या नावावर या प्रश्नात भलतेच श्रेय जमा झाल्यामुळे हे खरे श्रेय मात्र झाकले गेले आहे.

हा प्रश्न १८४८ साली माक्स बेझेल या बुद्धिबळपटूने बर्लिनच्या एका बुद्धिबळविषयक मासिकात प्रथम मांडला. दोन वर्षांनी फ्रान्ट्स नाउक याने लाइपझिगच्या एका सचित्र साप्ताहिकात आधी ६० मांडण्या दिल्या आणि थोड्याच महिन्यांत तो आकडा सुधारून ९२ केला. हाच अचूक आकडा होय. थोर गणितज्ञ गाउस याच सुमारास या कोड्यात रमला, त्याने आपला मित्र, ज्योतिर्विद शूमाखर, यास कळवताना प्रथम ७६ मांडण्या सांगितल्या, आणि मग त्यांतील चार चुकीच्या असल्याचे आढळून आल्यावर ७२ उरल्या. तरीही पुढील पुस्तकांतून ‘हे कोडे गाउसने सोडवले’ असे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले आणि नाउकचे नाव मागे पडले. ९२ ही संख्या नाउकची आहे, आणि ती त्याच्याच नावे रुजू झाली पाहिजे.

गाउसचे देणे निराळे आहे. त्याने पटाचे चित्र बाजूस सारून प्रश्नाला अंकगणिताचे रूप दिले. प्रत्येक आडव्या ओळीत एकच वजीर बसणार, म्हणून तो कोणत्या रकान्यात आहे एवढे लिहिले की संपूर्ण मांडणी एक ते आठ या अंकांच्या एका क्रमाने व्यक्त होते. आता ओळी वरून खाली आणि रकाने डावीकडून उजवीकडे मोजले, तर जी तिरपी रेषा खाली डावीकडे उतरते तिच्यावरील प्रत्येक घराच्या ओळीचा व रकान्याचा क्रमांक मिळून बेरीज एकच येते, कारण एक अंक वाढतो तितकाच दुसरा घटतो. आणि जी रेषा खाली उजवीकडे उतरते तिच्यावर त्याच दोन क्रमांकांची वजाबाकी कायम राहते. म्हणून आठही रकाने भिन्न, आठही बेरजा भिन्न आणि आठही वजाबाक्या भिन्न असल्या की मांडणी निर्दोष ठरते.

१९७१ साली संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ याने कार्यक्रमलेखनाची शिस्त शिकवण्यासाठी हेच कोडे एका निबंधात घेतले आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या डायक्स्ट्राच्या टिपणांतही ते आले. त्या दोघांनी ठेवलेली खुणांची तीन कोष्टके म्हणजे गाउसच्या या तीन अटींचेच दप्तर होय. एका वहीत आठ रकान्यांची आठ खाती, दुसरीत २ ते १६ या बेरजांची पंधरा, तिसरीत उणे ७ ते ७ या वजाबाक्यांची पंधरा. वजीर ठेवायचा झाला की त्याच्या घराची तीन खाती पाहायची. तिन्ही मोकळी असतील तरच तो बसतो आणि तिन्हींवर कबजाची खूण पडते. पटावर एक वजीर असो की सात, तपासणी तीनच नोंदींची.

चार ओळी व चार रकान्यांच्या लहान पटावर हे हातानेच करून पाहावे. पहिल्या ओळीतील वजीर पहिल्या रकान्यात ठेवला, म्हणजे रकाना १, बेरीज २ आणि वजाबाकी ० ही खाती भरली. दुसऱ्या ओळीत पहिला रकाना गुंतलेला, दुसऱ्याची वजाबाकी ० गुंतलेली, तिसरा मोकळा. तेथे वजीर बसला आणि रकाना ३, बेरीज ५, वजाबाकी उणे १ यांवर खुणा पडल्या. तिसऱ्या ओळीत पहिला व तिसरा रकाना बंद, दुसऱ्याची बेरीज ५ बंद, चौथ्याची वजाबाकी उणे १ बंद, वाट खुंटली. आता दुसरा वजीर उचलायचा आणि त्याच्या तिन्ही नोंदी बाद करून मगच तो चौथ्या रकान्यात न्यायचा. त्यानंतर तिसऱ्या ओळीत दुसरा रकाना मिळतो, पण चौथ्या ओळीत कोठेच जागा उरत नाही, म्हणून माघार पहिल्या ओळीपर्यंत येते. तेथे वजीर दुसऱ्या रकान्यात सरकवला की मार्ग सरळ उघडतो: दुसरा, चौथा, पहिला, तिसरा. याचे आरशातील प्रतिबिंब ही दुसरी मांडणी, आणि चारच्या पटावर या दोनच.

खूण पुसण्यात मला या युक्तीचे खरे सौंदर्य दिसते. कोणतेही खाते मोकळे असल्याखेरीज त्यावर खूण पडतच नसल्यामुळे एका खात्याचा कबजेदार एकाच वेळी एकच असतो, आणि म्हणून वजीर उचलताना ‘या रेषेवर आणखी कोणी आहे काय’ असे विचारावे न लागता खूण निःशंकपणे पुसता येते. पुसण्याचे राहिले, तर उचललेले वजीरही रेषा अडवून बसतात: वरच्याच उदाहरणात खुणा कायम ठेवल्या, तर पहिल्या ओळीत दुसऱ्या रकान्याची वजाबाकी उणे १ ही अडलेलीच राहते आणि उत्तर दोनाऐवजी शून्य येते. वजाबाकीचे ऋणचिन्ह गाळल्यासही शून्यच, कारण उणे १ आणि १ या दोन निराळ्या रेषा एका खात्यात कोंबल्या जातात. संगणकाच्या कोष्टकाचे क्रमांक बहुधा शून्यापासून सुरू होत असल्यामुळे आठच्या पटावर प्रत्येक वजाबाकीत ७ मिळवून तिला ० ते १४ मध्ये आणावे लागते, ते याचसाठी.

मात्र या दप्तराला त्याच्या ताकदीपेक्षा अधिक श्रेय देऊ नये. ६४ घरांतून कोणतीही आठ निवडण्याच्या रीती ४४२ कोटींहून अधिक आहेत. ओळी व रकाने भिन्न ठेवले की त्या ४०,३२० उरतात. आणि वाट खुंटताच माघार घेतल्यास साऱ्या शोधात वजीर पटावर ठेवण्याचे प्रसंग अवघे २,०५६ येतात. ही घट माघारीमुळे होते, खुणांमुळे नव्हे. खुणा प्रत्येक तपासणी स्वस्त करतात, तपासण्यांची संख्या कमी करीत नाहीत. पट वाढला की तपासण्यांबरोबर मांडण्यांची संख्याही भयानक वाढते: दहाच्या पटावर ७२४ मांडण्या, बाराच्या पटावर १४,२००. ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २०१६ साली खास रचलेल्या यंत्रणेवर २७ वजिरांच्या मांडण्या मोजल्या, तेव्हा संख्या अठरा अंकी निघाली. मांडण्यांची नेमकी संख्या देणारे एखादे सोपे सूत्र आजवर कोणास सापडलेले नाही, त्यामुळे असा आकडा हवा असल्यास मोजणीचे कष्ट चुकत नाहीत.

आपली मोजणी बरोबर आहे की नाही, हे आठच्या पटावर ओळखण्याची एक खात्रीची कसोटी आहे. पहिल्या ओळीतील वजिराच्या रकान्यानुसार मांडण्या वेगळ्या लिहाव्यात; त्या ४, ८, १६, १८, १८, १६, ८, ४ अशा आल्या पाहिजेत, कारण पट आरशात उलटला की पहिल्या रकान्याचे आठव्याशी तंतोतंत जुळते. ज्यांच्यापाशी संगणक नाही त्यांनी पाचच्या पटावर कागद व पेन्सिल घेऊन बसावे: एकूण १० मांडण्या मिळतील, पहिल्या ओळीतील प्रत्येक घरापासून नेमक्या दोन. कोणत्याही घरापासून दोनाहून कमी मिळाल्या, तर बहुधा एखादी खूण पुसायची राहिली आहे असे समजून मागे जाऊन ती शोधावी.