बालकांतील गोलकृमी : फुप्फुसातून आतड्याकडे

गोड खाल्ल्याने पोटात जंत होतात, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः गोलकृमीची अंडी मातीतून येतात. आतड्यातील एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती विष्ठेवाटे जमिनीवर पडतात; पण ताजी अंडी संसर्गक्षम नसतात. उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवड्यांत त्यांत अळी तयार होते. म्हणूनच हा रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मध्ये माती लागतेच.

समजा, सहा वर्षांच्या एका मुलाने मातीच्या हाताने भाकरी खाल्ली. अंडी लहान आतड्यात फुटतात. अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात व तेथून फुप्फुसात पोहोचतात. तेथे दहा ते चौदा दिवस वाढून त्या श्वासनलिकेतून घशापर्यंत चढतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात येतात. जपानमधील शिमेसू कोइनो यांनी सुमारे २००० अंडी स्वतः गिळून हा मार्ग १९२२ मध्ये सिद्ध केला. त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला व थुंकीत अळ्या सापडल्या.

आपल्या मुलाला या काळात कोरडा खोकला, धाप व ताप येऊ शकतो. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात, छातीच्या एक्स-रेत सरकते डाग दिसतात; शौचतपासणीत मात्र काहीच आढळत नाही. कारण अंडी घालणारी मादी अजून तयारच झालेली नसते. त्यासाठी अंडे गिळल्यापासून दोन ते तीन महिने लागतात. जंतांचे नेहमीचे औषधही आतड्यातील कृमींवर चालते. फुप्फुसातील अळ्यांवर त्याचा भरवसा नाही. म्हणून तपासणी व औषध पुढे पुन्हा करावे लागते.

प्रौढ कृमी १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो. मुलांचे आतडे अरुंद असल्याने अनेक कृमींचा गुंता लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अडकतो. पोटात कळा, फुगलेले पोट, हिरवट-पिवळी उलटी आणि शौच व वारा बंद होणे ही लक्षणे दिसताच घरी जंताचे औषध देऊ नये. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे तोंडाने खाणे थांबवून, नाकातून पोटात नळी घालून व सलाइन देऊन बहुधा गुंता सुटतो. आतड्याला छिद्र पडल्यास किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटल्यास शस्त्रक्रिया अटळ होते.

कृमींची संख्या जास्त असल्यास भूक मंदावते आणि स्निग्ध पदार्थ व ‘अ’ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. आधीच अपुरे खाणाऱ्या मुलाची वाढ यामुळे खुंटते. अशा मुलाला उपचाराने लाभ होतो. तथापि संपूर्ण शाळेला गोळ्या दिल्यावर सर्वांचे सरासरी वजन लक्षणीय वाढते, असे अभ्यासांत दिसत नाही. कारण बहुतेकांच्या पोटात कृमी थोडेच असतात. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती आतड्यातील कृमी काढते; मातीतील अंडी मात्र वर्षानुवर्षे टिकतात. शौचालयाचा वापर नसेल, तर काही महिन्यांत तेच मूल पुन्हा बाधित होते.