पंचवीस किलोचा कट्टा आणि घंटेच्या आकाराची रेषा

भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा पट्टा. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या आसपासही शेतात धान, गावात राईस मिल आणि बाजारात तांदळाचा कट्टा हेच चित्र दिसते. कट्ट्यावर '25 किलो' छापलेले असते, पण भरणारे यंत्र प्रत्येक वेळी नेमके पंचवीस किलो कधीच टाकत नाही. कुठे चार मुठी जास्त पडतात, कुठे कमी. अशा हजार कट्ट्यांपैकी किती कट्टे ठरावीक मर्यादांमध्ये बसतील, हे एकही कट्टा पुन्हा न तोलता सांगता येते, आणि त्यासाठी फक्त दोन आकडे लागतात. व्यापारी संख्याशास्त्रातले हे मला सर्वांत विलक्षण वाटणारे गणित आहे.

पहिला आकडा सरासरीचा, दुसरा प्रमाण विचलनाचा, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचा. अनेक छोटी, परस्परांपासून स्वतंत्र कारणे एकत्र येतात तेव्हा मोजमापे घंटेच्या आकाराच्या रेषेत मांडली जातात. 1733 मध्ये अब्राहम द मॉयव्हर याने नाणेफेकीसारख्या खेळांच्या गणितातून ही रेषा प्रथम काढली. आज तिला आपण प्रसामान्य वितरण म्हणतो. धान्य असो की पोलाद, सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक-एक प्रमाण विचलन इतक्या पट्ट्यात 68.27 टक्के मोजमापे येतात.

समजा, एका मिलच्या कट्ट्यांची सरासरी 25.05 किलो आणि प्रमाण विचलन 0.10 किलो, म्हणजे 100 ग्रॅम आहे. 25.00 ते 25.20 किलोच्या दरम्यान किती कट्टे असतील? प्रत्येक मर्यादेतून सरासरी वजा करून उरलेल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागायचे. खालची मर्यादा होते −0.5 आणि वरची 1.5. आता प्रसामान्य वितरणाचे कोष्टक उघडायचे. शून्यापासून 0.5 पर्यंतचे क्षेत्रफळ 0.1915 आणि शून्यापासून 1.5 पर्यंतचे 0.4332. दोन मर्यादा सरासरीच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून बेरीज: 0.6247. हजारांत सुमारे 625 कट्टे.

मर्यादा 25.10 ते 25.20 असत्या, तर दोन्ही सरासरीच्या उजवीकडे पडल्या असत्या आणि बेरजेऐवजी वजाबाकी आली असती: 0.2417. परीक्षेत चूक बहुधा इथेच होते. रेषा काढून हवा तो भाग रंगवला, की बेरीज की वजाबाकी हे डोळ्यांनाच दिसते. कोष्टक शून्यापासूनचे क्षेत्रफळ देते की अगदी डाव्या टोकापासूनचे, हेही आधी वाचावे. शून्यासमोर 0.5000 लिहिलेले असेल तर ते डाव्या टोकापासूनचे. अशा कोष्टकात दोन आकड्यांची नेहमीच वजाबाकी करायची.

आता मिलवाल्याच्या खऱ्या काळजीकडे. 25 किलोपेक्षा हलके कट्टे किती? अर्ध्यातून 0.1915 वजा केले की 0.3085, म्हणजे हजारांत सुमारे 309. धक्का बसावा असा आकडा आहे. बंद पाकिटांच्या 2011 च्या वैधमापन नियमांत 15 किलोवरच्या पाकिटाला एक टक्का, म्हणजे इथे 250 ग्रॅम इतकी कमाल चूक चालते, पण सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये. 24.75 किलो ही मर्यादा सरासरीपासून तीन प्रमाण विचलने दूर आहे आणि तिच्याखाली हजारांत एखाद-दुसराच कट्टा जातो. तरीही ग्राहकाला हलका कट्टा मिळू नये म्हणून सरासरी 25.20 वर नेली, तर 25 किलोखालचे कट्टे 2.28 टक्क्यांवर येतात. मात्र हजार कट्ट्यांमागे 150 किलो तांदूळ जादा जातो. सरासरी 25.05 वरच ठेवून यंत्र दुरुस्त केले आणि प्रमाण विचलन 50 ग्रॅमवर आणले, तर हलके कट्टे 15.87 टक्के उरतात आणि 25.00 ते 25.20 मधले 84 टक्के होतात. तेही एक दाणा जादा न देता. पसरण कमी करणे हाच खरा नफा आहे.

हे सारे वजने प्रसामान्य असतील तरच खरे. दोन यंत्रांचे कट्टे एकत्र मोजले तर आलेखाला दोन उंचवटे येतात. हलके कट्टे निवडून भरती केली असेल तर डावे टोक छाटल्यासारखे दिसते. अशा वेळी कोष्टकातले उत्तर चुकते. तांदळातला ओलावा सुकला की सरासरी डावीकडे सरकते, त्यामुळे पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यात वापरता येत नाही. म्हणून कोष्टक उघडण्यापूर्वी एकाच यंत्रावरचे, एकाच पाळीतले पन्नासएक कट्टे तोलून त्यांचा आलेख काढा. त्यात एकच उंचवटा असेल आणि दोन्ही बाजू सारख्या उतरत असतील, तरच पुढचे गणित करा.