अनुमानवाचक ‘मस्ट’, ‘माइट’, ‘कान्ट हॅव’ आणि मराठीतील ‘असणार’

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर उजनी धरणाच्या जलाशयात गेले. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचे पाणी फार ओसरले म्हणजे मंदिर उघडे पडते. ते पाहणारा मराठी भाषक सहज म्हणेल, ‘येथे पूर्वी लोक राहत असणार.’ बारामती-इंदापूरकडील विद्यार्थ्याने याचे इंग्रजी कसे करावे?

‘राहत असणार’ हे शब्दशः घेतल्यास ‘पीपल मस्ट बी लिव्हिंग हिअर’ असे वाक्य होते. परंतु त्याचा अर्थ ‘लोक आज येथे राहत असले पाहिजेत’ असा आहे. दोष शब्दसंग्रहाचा नसून काळाच्या स्थानाचा आहे. मराठीतील ‘राहत असणार’ या रूपात क्रिया चालू असल्याचे कळते, ती केव्हाची हे कळत नाही. तो भार ‘पूर्वी’ हा शब्द वाहतो. ‘पूर्वी’ काढून ‘आज’ घातले तरी क्रियापद बदलत नाही. इंग्रजीत मात्र काळ क्रियापदातच दाखवावा लागतो: ‘पीपल मस्ट हॅव लिव्हड हिअर.’

येथील ‘हॅव’ हे नेहमीच्या पूर्णकाळाचे नव्हे. ‘दे हॅव लिव्हड हिअर इन १९७०’ हे अशुद्ध आहे, पण ‘दे मस्ट हॅव लिव्हड हिअर इन १९७०’ हे शुद्ध आहे. ‘मस्ट’ला या अर्थी भूतकाळी रूप नसल्यामुळे ‘हॅव’ केवळ भूतकाळाची खूण होऊन येते. अनुमान आजचे, घटना मात्र कालची, हा भेद त्यातून स्पष्ट होतो.

निश्चयाची मात्रा निराळी. पुरावा एकाच निष्कर्षाकडे नेत असेल तर ‘मस्ट’. मंदिर उघडे आहे, म्हणून ‘द वॉटर मस्ट बी लो’. निष्कर्ष अनेकांपैकी एक असेल तर ‘माइट’. पाण्याखाली आणखी अवशेष असतील, ‘देअर माइट बी मोअर रुइन्स’. मराठीतील ‘असेल’ दोन्ही मात्रांना पुरते. कोणती अभिप्रेत आहे हे पुष्कळदा ‘नक्की’, ‘कदाचित’ यांवरून ठरते.

नकारात आणखी एक गफलत होते. मंदिर भर पाण्यात ‘बांधले नसणार’ याचे ‘मस्ट नॉट हॅव’ असे भाषांतर सुचते. अमेरिकन इंग्रजीत ते आढळते. परंतु ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, आणि विशेषतः अशक्यता दाखवावयाची असता, ‘दे कान्ट हॅव बिल्ट इट इन द वॉटर’ हेच रूढ आहे. येथे ‘मस्ट’चा प्रतियोगी ‘मस्ट नॉट’ नव्हे, ‘कान्ट’ होय.

म्हणून भाषांतरापूर्वी मराठी वाक्यातील कालवाचक शब्द काढून पाहावा. त्याविना काळ संदिग्ध राहत असेल, तर त्या शब्दातील भूतकाळ इंग्रजीत ‘हॅव’ने दाखविणे अवश्य आहे.