क्विंटलचा भाव, किलोचं माप

भंडाऱ्यात बारावीच्या अर्थशास्त्राची शिकवणी घेताना निर्देशांकाच्या गणिताचे फोटो मोबाईलवर सतत येतात. फळ्यावरचा किंवा वहीतला तक्ता, वरची ओळ अर्धी कापलेली. खालचा तक्ता असाच एका मुलाकडून आला होता. आकडे सरावाचे आहेत, पण किराणा इथल्या घराचाच: महिन्याचं माप, २०१९ हे आधार वर्ष आणि २०२४ हे चालू वर्ष.

| वस्तू | माप (किलो) | २०१९ भाव (रु.) | २०२४ भाव (रु.) |
|---|---|---|---|
| तांदूळ | ३० | ४००० | ५००० |
| तूरडाळ | ४ | ९० | १५० |
| तेल | ४ | १०० | १३० |
| साखर | ५ | ४० | ४४ |
| मीठ | २ | २० | २८ |

फोटो पुसट असला की देवनागरी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. डाळीचे १५० कुणी ९५० वाचले, तर पाच वर्षांत भाव दहापटीवर गेल्यासारखा दिसेल. म्हणून गणित मांडण्याआधी प्रत्येक ओळीत चालू भावाला जुन्या भावाने भागून पाहायचं. इथे तांदूळ १.२५ पट, डाळ १.६७, तेल १.३०, साखर १.१०, मीठ १.४०. एकही पट विचित्र नाही. मुलानेही एवढं तपासून सूत्र लावलं होतं:

```
P01 = Σp1q0 / Σp0q0 × 100
```

म्हणजे जुन्याच मापाचा किराणा आजच्या भावाने केवढ्याला पडतो ते काढायचं, त्याला जुन्या भावाच्या बिलाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेअर यांनी १८७१ मध्ये मांडलेली ही रीत. मुलाचं उत्तर आलं १२५.१२. दिसायला अगदी शहाणं उत्तर, पण चूक.

चूक तांदळाच्या ओळीत आहे. आमच्या जिल्ह्यात धान-तांदळाचा व्यापार क्विंटलवर चालतो. तक्ता करणाऱ्याने बाकी भाव किराणा दुकानातून किलोने घेतले आणि तांदळाचा व्यापाऱ्याकडून क्विंटलने. माप मात्र ३० किलोच राहिलं. दोन्ही वर्षांचे भाव क्विंटलचेच असल्यामुळे पट तपासून ही चूक सापडत नाही. ती सापडते गुणाकाराच्या रकान्यात. ४००० गुणिले ३० म्हणजे एक लाख वीस हजार रुपये. महिन्याला एवढ्याचा तांदूळ कोणतं घर खातं? एकूण बिल १,२१,००० आणि त्यात डाळ, तेल, साखर, मीठ मिळून फक्त हजार. त्यामुळे निर्देशांक तांदळाच्या १२५ ला चिकटून बसला. भारांकित रीतीत भार म्हणजे भाव आणि माप यांचा गुणाकार. दोघांचं एकक जुळलं नाही, तर भारच खोटा ठरतो.

आता तांदळाचा भाव किलोवर आणू: ४० आणि ५०. जुन्या भावाचं बिल १२०० + ३६० + ४०० + २०० + ४० = २२०० रुपये. नव्या भावाचं १५०० + ६०० + ५२० + २२० + ५६ = २८९६. निर्देशांक १३१.६४, म्हणजे हा किराणा ३१.६४ टक्क्यांनी महागला. भाव क्विंटलमध्येच ठेवून माप ०.३० क्विंटल लिहिलं, तरी हेच उत्तर येतं. माप सोडून नुसत्या भावांची बेरीज केली, तर मात्र किलोच्या भावांवरून १३८.६२ येतं आणि तांदूळ क्विंटलमध्ये घेतला की १२५.९३. बाजारातला भाव तोच, फक्त एकक बदललं आणि उत्तरही बदललं. साध्या बेरजेपेक्षा भारांकित रीत भरवशाची मानतात त्याचं हे एक मोठं कारण.

हे १३१.६४ मात्र सगळा तांदूळ दुकानातून घेणाऱ्या घराचं आहे. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. चौघांच्या घरात ते सगळं तांदूळच धरू: २० किलो. हा तांदूळ २०१९ मध्ये ३ रुपये किलो होता आणि जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. म्हणजे तक्त्यात एक ओळ वाढली: माप २०, भाव ३ आणि ०. दुकानातून उरलेला १० किलो. जुनं बिल १४६० होतं, नवं १८९६. निर्देशांक १२९.८६.

तांदळाचा मोठा वाटा फुकट होऊनही निर्देशांक दोनच अंकांनी उतरला. कारण या घराच्या जुन्या बिलात तांदळाचा भार मुळातच कमी होता, ५४.५ ऐवजी ३१.५ टक्के, आणि सर्वांत जास्त महागलेल्या डाळीचा १६.४ वरून २४.७ वर गेला. रुपयांत पाहिलं तर पहिल्या घराचा खर्च ६९६ ने वाढला, दुसऱ्याचा ४३६ ने. टक्केवारी जवळजवळ सारखी, पण खिशातून गेलेली रक्कम वेगळी. म्हणून मी मुलांना उत्तराखाली दोन्ही बिलांची बेरीज लिहायला लावतो. नुसत्या निर्देशांकातून हा फरक दिसत नाही, आणि तांदळाचे एक लाख वीस हजारही त्या बेरजेतच पकडता येतात.