पिंपल फोडण्याची आणि खपली काढण्याची सवय कशी मोडायची?

पालममध्ये घरी राहून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वीस वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. हे उदाहरण प्रातिनिधिक आहे, पण दवाखान्यात असे रुग्ण नेहमी दिसतात. तिच्या चेहऱ्यावर ताजे पिंपल चार-पाचच आहेत, मात्र हनुवटीवर आणि गालांवर पंधरा-वीस काळे डाग आहेत. ती म्हणते, "डॉक्टर, डागांवर क्रीम द्या." खरे तर हे डाग पिंपलपेक्षा तिच्या नखांमुळे जास्त पडले आहेत.

खपलीखाली काय घडते?

खपलीखाली नवी त्वचा तयार होत असते. खपली ओढली की ती कोवळी त्वचा फाटते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पिंपल दाबला की आतला पू काही वेळा बाहेर येण्याऐवजी खोल जातो आणि सूज वाढते. सूज आली की आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त बनते. त्यामुळे आठवड्यात बरा झाला असता असा पिंपल कित्येक महिने टिकणारा डाग सोडून जातो. ऊन लागले की तो आणखी गडद होतो.

ताणाचा संबंध कसा?

हात चेहऱ्याकडे दोन प्रकारे जातो. वाचताना किंवा मोबाईल पाहताना तो नकळत जातो. आरशासमोर मात्र "हा एवढा एकच काढते" असे ठरवून जातो. दोन्ही वेळी आधी अस्वस्थता असते आणि खपली निघाली की क्षणभर बरे वाटते. मेंदू ही सुटका लक्षात ठेवतो. नंतर डाग दिसतो, अपराधी वाटते, ताण वाढतो आणि हात पुन्हा तिकडेच जातो. म्हणून "हात लावू नको" असे घरच्यांनी ओरडून फारसा उपयोग होत नाही, उलट ताणात भर पडते.

सवय मोडण्याचे टप्पे

आधी सात दिवस फक्त नोंद ठेवा. हात कधी गेला, कुठे गेला आणि त्या वेळी काय करत होता, एवढेच वहीत लिहा. या मुलीच्या 31 नोंदींपैकी 23 रात्री 10 ते 12 या वेळेत अभ्यास करतानाच्या होत्या, 6 अंघोळीनंतर आरशासमोरच्या आणि 2 इतर वेळच्या. म्हणजे उपाय मुख्यतः दोनच जागी हवा होता.

अभ्यासाच्या वेळी हात हनुवटीकडे निघाला की मूठ घट्ट आवळून मांडीवर एक मिनिट धरायची. इच्छा ओसरली नाही तर आणखी एक मिनिट. या पद्धतीला सवय-पालट उपचार म्हणतात. नुसते हात आवरण्यापेक्षा हाताला दुसरे काम देणे सोपे जाते. जोडीला नखे बारीक कापायची. खपलीवर पेट्रोलियम जेली लावून वर कागदी चिकटपट्टी लावायची. जेलीने खपली मऊ राहते आणि पट्टीमुळे बोटांना खडबडीतपणा लागत नाही. आरशासमोर हातभर अंतरावर उभे राहायचे आणि काम झाले की बाजूला व्हायचे.

सहा आठवड्यांनी तिच्या नोंदी आठवड्याला 9 वर आल्या. लेखी परीक्षा जवळ आल्यावर त्या पुन्हा वाढल्या. असे होतेच. अशा वेळी वही पुन्हा काढायची आणि मुठीचा सराव परत सुरू करायचा.

पिंपलवरही उपचार हवेत, कारण बोटांना लागेल असा उंचवटा उरला नाही तर निम्मे काम सोपे होते. 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेल रात्री पातळ लावा. ते जखमेवर लावू नका. कपड्यांना लागले तर रंग उडतो. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. सकाळी मैदानावर धावायला जाताना सनस्क्रीन लावा. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेले स्टिरॉइडमिश्रित 'गोरेपणाचे' क्रीम टाळा. त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, नंतर पिंपल वाढतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जखमेभोवती लाली पसरत असेल, ताप असेल किंवा नाक-ओठांजवळ दुखरी सूज आली असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रोज तास-तास यात जात असेल, जखमा भरतच नसतील, लोकांत जाणे टाळावेसे वाटत असेल किंवा प्रयत्न करूनही थांबता येत नसेल, तर हा त्वचा खरवडण्याचा विकार असू शकतो. त्यावर समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने उपचार होतात. यासाठी त्वचारोगतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. परभणीला जाणे जमत नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.